हरवलेला लॅपटॉप आणि ऑफिसचा व्हीपीएन

लॅपटॉप हरवला की पहिली धावपळ मेलचा पासवर्ड बदलण्याची, बँकेला फोन करण्याची आणि पोलिसांत तक्रार देण्याची असते. ऑफिसच्या व्हीपीएनची आठवण बहुतेकांना दुसऱ्या दिवशी होते, आणि झाली की एकदम टोकाचं काहीतरी सुचतं: सर्व्हरच बंद करा, सगळ्यांना नव्या फाइली द्या, सगळे पासवर्ड बदला. दहा-बारा जणांच्या ऑफिसात याचा अर्थ आख्खा दिवस गेला. खरं तर नीट बसवलेल्या व्हीपीएनमध्ये एका लॅपटॉपला बाहेर काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि बाकीच्यांना काही झाल्याचं कळतसुद्धा नाही. घोळ होतो तो चुकीचं यंत्र काढल्यामुळे, अर्धंच काढल्यामुळे किंवा काढताना सगळं रीस्टार्ट केल्यामुळे.

आधी स्वतःचा व्हीपीएन म्हणजे काय ते थोडक्यात. ऑफिसातल्या एखाद्या कॉम्प्युटरवर किंवा भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर एक प्रोग्रॅम चालतो. घरून काम करणाऱ्याचा लॅपटॉप इंटरनेटवरून त्याच्याशी कुलूपबंद जोडणी करतो आणि मग तो लॅपटॉप जणू ऑफिसच्या टेबलावरच असल्यासारखा आतला प्रिंटर, फाइल सर्व्हर, अकाउंटचं सॉफ्टवेअर वापरतो. हा कुठल्या कंपनीकडून महिन्याच्या भाड्याने घेतलेला नसतो, त्यामुळे ‘माझा लॅपटॉप हरवलाय, बंद करा’ असं सांगायला कस्टमर केअर नाही. ज्याने तो बसवला त्यालाच ते करावं लागतं. लहान ऑफिसांत आज यासाठी वायरगार्ड बराच वापरला जातो. २०२० मध्ये तो लिनक्सच्या कर्नेलमध्येच समाविष्ट झाला, त्यामुळे लिनक्सचा कुठलाही साधा सर्व्हर हे काम करू शकतो.

उदाहरण म्हणून नाशिकच्या एका आर्किटेक्टचं ऑफिस डोळ्यांसमोर आणू. अकरा यंत्रं व्हीपीएनवर आहेत. एक ज्युनिअर रात्री पावणेदहाला पुण्याच्या बसमधून उतरतो आणि बॅग वरच्या फळीवरच राहते. बस निघून गेल्यावर तो ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्याला फोन करतो. “सर, लॅपटॉप बसमध्येच राहिला. डेपोत फोन केला, कुणी उचलत नाही.” त्या वेळी दोन डिझायनर घरून काम करताहेत, त्यातल्या एकीची सहा जीबीची फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर चढते आहे. सरही घरीच आहेत आणि सर्व्हरपर्यंत पोचायला त्यांना त्याच व्हीपीएनमधून जावं लागतं. शेवटची गोष्ट विसरू नये, ती पुढे महागात पडू शकते.

वायरगार्डमध्ये युजरनेम आणि पासवर्ड नसतात. प्रत्येक यंत्राकडे किल्ल्यांची एक जोडी असते. प्रायव्हेट की यंत्रातच राहते आणि पब्लिक की सर्व्हरच्या यादीत लिहिलेली असते. प्रत्येक किल्ली म्हणजे चव्वेचाळीस अक्षरांची, वाचून काहीच अर्थ न लागणारी ओळ. यादीतल्या अशा एकेका नोंदीला पीअर म्हणतात. ज्याची पब्लिक की यादीत आहे तो आत येऊ शकतो, ज्याची नाही त्याच्याशी सर्व्हर बोलतच नाही. म्हणजे काम सोपं आहे, यादीतली एक नोंद खोडायची. अडचण एवढीच की यादीत माणसांची नावं नसतात.

सर्व्हरवर पहिल्यांदा `sudo wg show` ही आज्ञा द्यायची. ती फक्त माहिती दाखवते, बदलत काही नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही. प्रत्येक पीअरसाठी साधारण असं दिसतं:

```
peer: mR8k...Xw0=
  endpoint: 203.0.113.45:51820
  allowed ips: 10.8.0.7/32
  latest handshake: 3 hours, 20 minutes ago
  transfer: 1.42 GiB received, 312.50 MiB sent
```

पहिल्या ओळीत पब्लिक की आहे. दुसऱ्या ओळीत ते यंत्र शेवटचं इंटरनेटवरच्या कुठल्या पत्त्यावरून बोललं ते आहे. तिसरीत त्याला ऑफिसच्या आत मिळालेला पत्ता. चौथी ओळ सगळ्यांत उपयोगाची, कारण दोन्ही बाजूंनी शेवटची ओळखपाळख, म्हणजे हँडशेक, किती वेळापूर्वी झाली ते ती सांगते. जोडणी वापरात असेल तेव्हा हा हँडशेक दर दोन मिनिटांनी नव्याने होतो, त्यामुळे इथे काही सेकंद किंवा मिनिट-दोन मिनिटं दिसली की ते यंत्र आत्ता चालू आहे असं समजायचं.

आपल्या ऑफिसच्या कॉन्फिग फाइलमध्ये आठ पीअरांच्या वर कुणीतरी टीप म्हणून नावं लिहिली आहेत, तिघांवर काहीच नाही, आणि हरवलेला लॅपटॉप त्या तिघांतलाच. अशा वेळी अंदाजाने खोडलं तर डिझायनरबाईंची सहा जीबीची फाइल मध्येच तुटायची. तिघांपैकी एकाचा हँडशेक चाळीस सेकंदांपूर्वीचा आहे. ते यंत्र चालू आहे, आणि विचारल्यावर कळतं की तो एका भागीदाराचा घरचा कॉम्प्युटर. दुसऱ्या नोंदीत हँडशेकची ओळच नाही. सर्व्हर सुरू झाल्यापासून ते यंत्र एकदाही जोडलेलं नाही. उरलेल्याचा हँडशेक तीन तास वीस मिनिटांपूर्वीचा. आत्ता रात्रीचे सव्वादहा म्हणजे तो पाच कमी सातचा, आणि ज्युनिअर सांगतो की सात वाजता लॅपटॉप बंद करूनच तो बसला धावला. खात्रीसाठी फाइल सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या, तर दुपारी याच ज्युनिअरच्या नावाने `10.8.0.7` वरूनच लॉगिन झालेलं आहे. आता शंका उरली नाही.

खोडण्याआधी या पाच ओळी कुठेतरी कॉपी करून ठेवायच्या. वायरगार्ड आपल्याआप कुठलीही जुनी नोंद ठेवत नाही. पीअर काढला की शेवटचा हँडशेक, शेवटचा पत्ता, सगळं त्याबरोबर जातं. लॅपटॉप पावणेदहाला हरवला आणि शेवटचा हँडशेक पाच कमी सातचा, म्हणजे हरवल्यानंतर त्यावरून कुणी आत आलेलं नाही. हे उद्या भागीदारांना किंवा क्लायंटला सांगायचं असेल तर पुरावा एवढाच आहे. हँडशेक हरवल्यानंतरचा निघाला असता तर गोष्ट वेगळी होती. मग तो पत्ता पोलिसांच्या कामाचा ठरतो आणि फाइल सर्व्हरवर त्या वेळात काय उघडलं गेलं ते तपासावं लागतं.

मग नोंद खोडायची. पूर्ण किल्ली अवतरणांत द्यायची, हाताने टाइप न करता वरून कॉपी करायची:

```
sudo wg set wg0 peer 'mR8k...Xw0=' remove
```

`wg0` हे जोडणीचं नाव. बहुतेक ठिकाणी तेच असतं. ही आज्ञा दिल्याक्षणी सर्व्हर त्या एका पीअरला विसरतो. चालू जोडणीच्या तात्पुरत्या किल्ल्याही त्याच क्षणी पुसल्या जातात, म्हणून चोर नेमका त्या वेळी आत असता तरी पुढचं पाकीट सर्व्हरने टाकूनच दिलं असतं. बाकीच्या दहा पीअरांना हात लागत नाही, त्यांचा हँडशेकही नव्याने होत नाही. डिझायनरबाईंची फाइल चढतच राहते.

गंमत म्हणजे हरवलेल्या लॅपटॉपवर ‘प्रवेश नाकारला’ असं काही दिसत नाही. अनोळखी किल्लीला उत्तरच द्यायचं नाही ही वायरगार्डची पद्धत. विंडोजवरचं त्याचं अॅप जोडणी ‘Active’ असल्याचं दाखवतच राहतं, फक्त पाठवलेल्या माहितीचा आकडा वाढतो आणि आलेल्या माहितीचा हलत नाही. कधी लॅपटॉप सापडला आणि मालकाने तक्रार केली की “व्हीपीएन चालू दाखवतोय पण काहीच उघडत नाही”, तर ते योग्यच चाललेलं आहे.

इथे बरेच जण हात झटकून उठतात. वर दिलेल्या आज्ञेने सर्व्हरच्या चालू आठवणीतलं नाव गेलं, पण डिस्कवरच्या `/etc/wireguard/wg0.conf` या फाइलमध्ये ते तसंच आहे. सर्व्हर पुढच्या वेळी सुरू होईल तेव्हा ती फाइल वाचेल आणि हरवलेला लॅपटॉप निमूटपणे परत यादीत येईल. आपल्याकडे सर्व्हर रीस्टार्ट व्हायला मुहूर्त लागत नाही, दुपारी एकदा लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी जुनी असली की पुरे. म्हणून फाइलमधलाही तो `[Peer]` पासून सुरू होणारा तुकडा काढलाच पाहिजे. काढण्याआधी फाइलची एक प्रत ठेवावी. हरवलेल्या लॅपटॉपचा पत्ता लगेच दुसऱ्या यंत्राला देऊ नये, म्हणजे जुन्या नोंदी वाचताना कोण कुठला असा गोंधळ होत नाही.

यातही एक खोच आहे. फाइलच्या वरच्या भागात `SaveConfig = true` अशी ओळ असेल तर वायरगार्ड बंद होताना आपल्या चालू आठवणीतली यादी स्वतःच फाइलवर लिहितो. मग तुम्ही फाइलमध्ये हाताने केलेले बदल बंद होताना पुसले जातात, आणि वर लिहिलेली माणसांची नावंही. आपल्या ऑफिसात तिघांवर नावं का नव्हती याचं उत्तर बहुधा इथेच मिळतं: कधीतरी फाइल आपोआप लिहिली गेली, टिपा उडाल्या आणि नंतर कुणीतरी आठवतील तेवढीच नावं परत लिहिली. ही ओळ असेल तर आधी वरची `wg set` आज्ञा द्यायची, मग `sudo wg-quick save wg0` म्हणायचं. चालू यादीच फाइलमध्ये उतरते आणि हाताने काही खोडावं लागत नाही. पण नावांसाठी एक वेगळी वही किंवा एक्सेलची शीट ठेवणं भाग पडतं. माझ्या मते लहान ऑफिसात ती ओळ नसलेलीच बरी.

काही जण उलट क्रमाने जातात, आधी फाइल दुरुस्त करतात आणि मग बदल लागू व्हावा म्हणून वायरगार्ड रीस्टार्ट करतात. अख्ख्या ऑफिसला उगाच त्रास होतो तो इथे. रीस्टार्ट झाला की आख्खी जोडणी खाली जाते, सर्व्हर सगळ्यांचे इंटरनेटवरचे पत्ते विसरतो, आणि प्रत्येक लॅपटॉपला उत्तर येत नाही हे लक्षात येऊन नवा हँडशेक करेपर्यंत पंधरा-वीस सेकंद तरी जातात. मोठी फाइल चढत असेल तर ती तुटण्याइतका हा वेळ पुरेसा असतो. त्याहून वाईट म्हणजे फाइल दुरुस्त करताना एखादं अक्षर चुकून जास्तीचं खोडलं गेलं असेल तर वायरगार्ड वर येतच नाही. सर त्याच व्हीपीएनमधून सर्व्हरवर आलेले आहेत, म्हणजे आता तेही बाहेर. रात्री साडेदहाला गाडी काढून ऑफिसात जाऊन सर्व्हरसमोर कीबोर्ड घेऊन बसण्याशिवाय मार्ग नाही. फाइलमधला बदल न थांबता लागू करायची सोय आहे:

```
sudo bash -c 'wg syncconf wg0 <(wg-quick strip wg0)'
```

ही आज्ञा फाइल आणि चालू यादी यांची तुलना करते आणि जेवढा फरक असेल तेवढाच लागू करते. ज्यांच्यात फरक नाही त्यांच्या जोडण्या चालूच राहतात. फाइलमध्ये चूक असेल तर आज्ञा तक्रार करते, पण चालू असलेला व्हीपीएन पाडत नाही. तिच्यासारखीच दिसणारी `setconf` नावाची आज्ञा आहे, ती मात्र टाळावी. ती सगळी यादी मुळापासून नव्याने बसवते.

शेवटी परत `sudo wg show`. काढलेली किल्ली कुठे दिसता कामा नये, आणि आत्ता काम करणाऱ्यांचे हँडशेक दोन मिनिटांच्या आतलेच राहिले पाहिजेत. एखाद्याचा हँडशेक तासाभराचा जुना दिसला म्हणून दचकू नका, त्याने लॅपटॉप मिटून ठेवला असेल. चुकून दुसऱ्याचीच किल्ली काढली गेली असेल तर ती तशीच परत घालता येते, कारण पब्लिक की गुप्त नसते आणि जुन्या फाइलची प्रत आपल्याकडे आहे. त्या माणसाला नवीन फाइल पाठवायची गरज पडत नाही.

सर्व्हरची स्वतःची किल्ली बदलायची का, असं हमखास विचारलं जातं. नाही. हरवलेल्या लॅपटॉपात सर्व्हरची फक्त पब्लिक की असते आणि तिच्यावरून प्रायव्हेट की काढता येत नाही. सर्व्हरची किल्ली बदलली तर अकराच्या अकरा यंत्रांत ती बदलत बसावं लागेल, आणि हाती काही लागणार नाही.

हे सगळं सोपं वाटतं त्याला एक अट आहे, ती म्हणजे एका यंत्राला एकच किल्ली. प्रत्यक्षात काय होतं? बसवणारा माणूस एक फाइल तयार करतो, व्हॉट्सअॅपवर पाठवतो, आणि समोरचा ती लॅपटॉपमध्येही घालतो, मोबाइलमध्येही आणि घरच्या कॉम्प्युटरमध्येही. मग हरवलेल्या लॅपटॉपची नोंद खोडली की मोबाइलही बंद पडतो. अशी वाटून घेतलेली किल्ली आधीपासूनच ओळखू येते. एकाच किल्लीची दोन यंत्रं एका वेळी चालू असली की त्या पीअरचा `endpoint` सारखा इकडून तिकडे बदलत राहतो आणि दोघांचंही व्हीपीएन अडखळत चालतं. असं निघालं तर ज्याचं यंत्र हरवलंय त्याच्या सोयीसाठी थांबू नये. आधी किल्ली खोडावी, मग मोबाइलला नवी द्यावी. गैरसोय त्या एका माणसाची आहे, आणि सकाळपर्यंत चालते.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फाइलचा आणखी एक त्रास. विंडोजमधलं वायरगार्ड आपली प्रत कुलूप लावून ठेवतं, पण मूळ फाइल डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये साध्या अक्षरांत पडून राहते आणि प्रायव्हेट की तिच्यात उघडी असते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर विंडोजचा पासवर्डही तिला वाचवत नाही, डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की झालं. म्हणून ‘पासवर्ड होता की’ या भरवशावर खोडणं पुढे ढकलू नये. व्हीपीएनची नोंद खोडल्यावर त्या लॅपटॉपातून फाइल सर्व्हरचा साठवलेला पासवर्ड, मेल आणि ब्राउजरमधली लॉगिनं हीसुद्धा ज्याची त्याला बदलावीच लागतात. ती व्हीपीएनच्या हातातली गोष्ट नाही.

ज्यांच्याकडे वायरगार्डऐवजी ओपनव्हीपीएन आहे त्यांची तऱ्हा नेमकी उलट आहे. सोसायटीच्या वॉचमनचं उदाहरण घ्या. वायरगार्डच्या वॉचमनकडे आत सोडायच्या लोकांची वही असते, एक ओळ खोडली की संपलं. ओपनव्हीपीएनचा वॉचमन शिक्का मारलेला पास बघतो. पास तर पाहुण्याच्या खिशात, तो आपण परत घेऊ शकत नाही, म्हणून वॉचमनला रद्द पासांची यादी द्यावी लागते. इथे पासाला सर्टिफिकेट म्हणतात आणि रद्द यादीला सीआरएल. ईझी-आरएसए या जोडीच्या साधनाने ती अशी बनते:

```
./easyrsa revoke laptop-07
./easyrsa gen-crl
```

तयार झालेली `crl.pem` ही फाइल सर्व्हरच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची, आणि सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये `crl-verify crl.pem` ही ओळ आहे ना ते बघायचं. ती ओळ नसेल तर तुम्ही कितीही पास रद्द करा, वॉचमन यादी उघडतच नाही. ओळ आधीपासून असेल तर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागत नाही. नवीन जोडणी येताना तो बदललेली यादी आपणहून वाचतो. मात्र आधीच आत असलेल्या यंत्राची तपासणी पुढच्या किल्लीबदलापर्यंत होत नाही, आणि तो मूळ सेटिंगमध्ये तासाने होतो. तोवर थांबायचं नसेल तर मॅनेजमेंट इंटरफेसमधून त्या एकाच जोडणीला `kill` म्हणावं लागतं.

ओपनव्हीपीएनमध्ये सगळ्यांना खाली पाडणारी चूक त्या रात्री दिसत नाही, सहा महिन्यांनी दिसते. रद्द यादीला स्वतःची मुदत असते आणि ईझी-आरएसए ती, वेगळं काही सांगितलं नाही तर, १८० दिवसांची घालतं. मुदत संपलेली यादी वॉचमन मानत नाही, आणि यादीच नाही म्हटल्यावर तो कुणालाच आत सोडत नाही. म्हणजे १० जानेवारीला एक लॅपटॉप रद्द केला तर ९ जुलैला आख्खं ऑफिस बाहेर, सर्व्हरच्या लॉगमध्ये `CRL has expired` आणि जानेवारीतली गोष्ट कुणाच्या डोक्यातही नाही. उपाय सोपा आहे: `gen-crl` पुन्हा चालवायचं आणि नवी फाइल जागेवर ठेवायची. नवी फाइल सर्व्हर ज्या खात्याने चालतो त्याला, बऱ्याचदा `nobody` ला, वाचता आली पाहिजे, नाहीतर परिणाम तोच होतो. मुदत वाढवायची तर ईझी-आरएसएच्या `vars` फाइलमध्ये `EASYRSA_CRL_DAYS` हा आकडा बदलता येतो, पण तो पुढच्या यादीपासून लागू होतो.

तुमच्याकडे ओपनव्हीपीएन असेल आणि आजवर एकही यंत्र रद्द केलेलं असेल तर ज्या फोल्डरमध्ये ती फाइल आहे तिथे जाऊन ही एक आज्ञा द्या आणि आलेली तारीख ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये पंधरा दिवस आधीची आठवण लावून टाका:

```
openssl crl -in crl.pem -noout -nextupdate
```